‘आवडतोस, पण जमणार नाही’ म्हणजे नेमकं काय?

‘तू मला आवडतोस, पण आपलं काही होऊ शकत नाही.’ हे वाक्य ऐकलेली माणसं पुढे कित्येक महिने त्याचा पहिला अर्धा भाग घोळवत बसतात. दुसरा अर्धा भाग त्यांना परिस्थितीचा दोष वाटतो, आणि परिस्थिती काय, आज ना उद्या बदलेल अशी आशा असते. मित्रमैत्रिणीही तिलाच खतपाणी घालतात. ‘आवडतोस म्हणालीये ना? मग थांब थोडा.’ या थांबण्यात उमेदीची वर्षं जातात. म्हणून हे वाक्य नीट वाचता यायला हवं.

आपल्याकडे या वाक्यामागे सर्वाधिक वेळा येणारं कारण म्हणजे घर. त्यातही जात. तेव्हा तेच उदाहरण घेऊ. प्रसंग कल्पित आहे, पण अनेकांना ओळखीचा वाटेल.

दोघंही पुण्यात, हिंजवडीतल्या एका कंपनीत, एकाच टीममध्ये. ती सातारा जिल्ह्यातली, वय सव्वीस. तो नांदेडकडचा, तिच्याहून वर्षभराने मोठा. जात वेगळी. वर्षभर डबा एकत्र खाल्ला, संध्याकाळी टपरीवरचा चहा एकत्र झाला. एका शुक्रवारी त्याने विचारलं. ती म्हणाली, ‘तू मला खरंच आवडतोस रे. पण घरी कधीच चालणार नाही. आपलं काही होऊ शकत नाही.’ आठवडाभर दोघंही गप्प. मग एका रात्री अकरा वाजता तिचा मेसेज आला, ‘जेवलास का?’ आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी सुरू झाली. तो दुसऱ्या एका मैत्रिणीबरोबर सिनेमाला गेला, तर ही दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. दिवाळीत ती गावी गेली, तेव्हा घरच्यांनी तिचा बायोडेटा वधू-वर सूचक केंद्रात दिलेला होता. एक बघण्याचा कार्यक्रमही झाला. परत आल्यावर तिने हे त्याला सांगितलं आणि ती रडली.

तो यातून काय वाचतो? मेसेज, रुसवा, रडणं. हे सगळं तिच्या प्रेमाचा पुरावा म्हणून तो जमा करतो, आणि तो पुरावा खोटा नाही. तिला तो आवडतो याबद्दल मला शंका नाही. पण आवडतो की नाही हा प्रश्न त्या शुक्रवारीच सुटला होता. अनुत्तरित प्रश्न दुसराच आहे : वाटेत जी अडचण आहे ती दूर करण्यासाठी तिने काय केलं? या प्रश्नापुढे लिहायला त्याच्याकडे एक ओळही नाही. आईला सांगितलेलं नाही. बायोडेटा देऊ नका असं म्हटलेलं नाही. बघण्याचा कार्यक्रम पुढे ढकललेला नाही.

मराठी घरात अशी बातमी एकदम वडिलांपर्यंत जात नाही. ती आधी वहिनीच्या, मावशीच्या किंवा पाठच्या भावाच्या कानावर जाते. तिथून आईकडे आणि मग एखाद्या बऱ्या दिवशी वडिलांकडे. ज्यांनी घरचा विरोध अंगावर घेऊन लग्नं केली, त्यांच्यातल्या अनेकांची सुरुवात स्वयंपाकघरात वहिनीच्या कानात बोललेल्या एका वाक्याने झालेली असते. म्हणून अडचण घरची आहे असं कुणी म्हणालं, तर त्याची सगळ्यात लहान कसोटी हीच : घरातल्या एका तरी माणसाला तुझं नाव माहीत आहे का? वर्ष उलटलं तरी नसेल, तर तिने घरच्यांना विचारण्याआधीच त्यांच्या वतीने उत्तर देऊन टाकलेलं आहे. तो निर्णय तिचा आहे.

तिला भित्री म्हणण्याचा अधिकार मात्र कुणालाही नाही. कायद्याने पाहिलं तर मुलगा २१ वर्षांचा आणि मुलगी १८ वर्षांची झाली की घरच्यांची संमती लागत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस देऊन कुठल्याही जातीधर्माच्या दोघांना लग्न करता येतं. दोन सज्ञान व्यक्तींनी एकमेकांची निवड केली की कुटुंबाची किंवा समाजाची परवानगी आवश्यक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आणि अशा जोडप्यांना संरक्षण देण्याचे आदेशही दिले. तरीही २०११-१२ च्या देशव्यापी मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नं शंभरात जेमतेम पाच निघाली. जातीबाहेर लग्न केलं म्हणून मुलामुलींचे खून महाराष्ट्रातही झाले आहेत. माहेर कायमचं तुटण्याची भीती, धाकट्या बहिणीचं लग्न अडेल ही काळजी, वडिलांच्या तब्येतीची धास्ती, या गोष्टी खऱ्या आहेत. ही किंमत मोजायची की नाही हे तिनेच ठरवायचं. तिने ‘नाही’ ठरवलं, तर ते प्रेम कमी असल्यामुळेच, असंही समजू नये. पण कारण कितीही खरं असलं, तरी उत्तर नकारच राहतं. गफलत होते ती इथे. कारण ऐकून आपल्याला तिची कीव येते, आणि त्या भरात उत्तर ऐकायचं राहून जातं.

मग तिने सरळ ‘नाही’ का म्हटलं नाही? रॉय बाउमायस्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांबरोबर १९९३ मध्ये एकतर्फी प्रेमावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांनी आपलेच दोन अनुभव लिहून दिले : एक, आपण कुणाच्या प्रेमात पडलो आणि ते परत मिळालं नाही तेव्हाचा; दुसरा, कुणी आपल्या प्रेमात पडलं आणि आपण नकार दिला तेव्हाचा. प्रेम करणाऱ्याला वाटत होतं की ओढ दोन्हीकडून होती, समोरच्याने आशा लावली, आणि स्पष्ट नकार असा कधी मिळालाच नाही. नकार देणाऱ्याच्या मनात मात्र अपराधीपणा होता आणि आता कसं वागायचं हे सुचत नव्हतं. आपल्याकडे तर हे आणखीच खरं आहे. प्रेम कसं व्यक्त करावं हे सिनेमा आणि गाणी लहानपणापासून शिकवतात. दुसऱ्याचा मान राखून ‘नाही’ कसं म्हणावं, हे घरात कुणी शिकवत नाही. त्यामुळे बोलणारा नकाराची धार कमी करायला आधी ‘आवडतोस’ म्हणतो. त्याच्या दृष्टीने ती फुंकर असते, ऐकणाऱ्याला तो होकार वाटतो.

आणि ऐकणारा त्यातच का अडकतो? २०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या ४७ विद्यार्थिनींवर एक प्रयोग झाला. काही तरुणांनी तुमचं फेसबुक प्रोफाइल पाहिलं आहे, असं त्यांना सांगितलं. काही जणींना सांगितलं की या मुलांना तुम्ही खूप आवडलात, काहींना सांगितलं की साधारण आवडलात, आणि उरलेल्यांना सांगितलं की यातलं काहीही असू शकतं, नक्की माहीत नाही. ज्यांना नक्की माहीत नव्हतं, त्यांनाच त्या मुलांचं सर्वाधिक आकर्षण वाटलं आणि त्यांच्याच मनात ती मुलं पुन्हा पुन्हा येत राहिली. प्रयोग लहान होता, त्यावरून सगळ्या जगाबद्दल बोलता येणार नाही. पण आपल्या तरुणाचं नेमकं हेच झालं आहे. रात्री अकराचा मेसेज रोज आला असता तर त्याची सवय झाली असती, कधीच आला नसता तर तो विसरला असता. तो चार दिवस येतो आणि तीन दिवस येत नाही, म्हणून तो साडेदहापासून फोन हातात घेऊन बसतो. या बेचैनीलाच तो प्रेमाची खोली समजतो. ती बरीचशी अनिश्चिततेतून आलेली आहे.

यातून सुटायचं तर प्रश्न बदलावा लागतो. ‘मी तुला आवडतो ना?’ हे पुन्हा विचारू नये. ‘हो’ म्हणून ती पुन्हा रडेल, आणि हा आणखी सहा महिने थांबेल. विचारायचं ते एवढंच, शांतपणे आणि एकदाच : ‘घरी सांगायचा तुझा विचार आहे का? असेल तर कुणाला आणि साधारण कधी?’ यावर ‘ताईचं लग्न फेब्रुवारीत आहे, ते होऊ दे, मार्चमध्ये मी वहिनीशी बोलते’ असं उत्तर आलं, तर थांबण्यात अर्थ आहे. त्यात माणूस आहे, महिना आहे आणि ती स्वतः काय करणार हेही आहे. मार्च उलटला, वहिनीला काहीच कळलं नाही आणि आता दादाच्या नोकरीचं कारण पुढे आलं, की उत्तर मिळालं असं समजावं. ‘बघू’, ‘आत्ता नको हा विषय’, ‘आहे ते छान चाललंय ना?’ ही उत्तरं तर त्याच क्षणी नकार म्हणून घ्यावीत.

मुलगे हे वाक्य कमी वापरत नाहीत, हेही सांगायला हवं. ‘आई ऐकणार नाही गं’ असं म्हणत दोन-तीन वर्षं मुलीचा वेळ, सोबत आणि माया घ्यायची आणि शेवटी आईने आणलेल्या स्थळाला होकार द्यायचा, हे मला फार अन्यायाचं वाटतं. मुलीवर लग्नासाठी वयाचा दबाव जास्त असतो, त्यामुळे त्या वर्षांची किंमत तीच अधिक मोजते. कसोटी तिच्यासाठीही तीच : आईला नाव सांगितलं आहे का?

‘सध्या मी कुठल्याच नात्याच्या मनःस्थितीत नाही’ किंवा ‘करिअरवर लक्ष द्यायचंय’ या कारणांना फार खोदण्याची गरज नाही. तो मऊ शब्दांतला नकारच असतो.

नकार कळल्यावर मन वळवायला जाऊ नये. पुन्हा पुन्हा मेसेज करणं, बसस्टॉपवर वाट पाहणं, मैत्रिणींमार्फत निरोप धाडणं याला सिनेमा प्रेम म्हणत आला आहे. मुलीने स्पष्ट नको म्हटल्यावर तिचा असा पिच्छा पुरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. एकाच टीममध्ये असाल तर बोलणं तोडता येत नाही, तोडूही नये. कामाचं बोलणं कामाच्या ग्रुपवर चालू ठेवावं, तिचं स्टेटस म्यूट करावं, आणि रात्रीच्या गप्पा बंद करतो आहे हे तिला एकदा सांगून त्या बंद कराव्यात. न सांगता गायब झालात, तर तिकडे तीच अनिश्चितता सुरू होते.

हे वाक्य ज्यांनी कुणाला तरी म्हटलं आहे, त्यांना एक विनंती. घरी सांगणार असाल, तर कधी ते आज सांगा. सांगणार नसाल, तर ‘होऊ शकत नाही’ऐवजी ‘मी हे पुढे नेणार नाही, माझं ठरलं आहे’ असं म्हणा, आणि त्यानंतर रात्री अकराला मेसेज करू नका.