आठवड्यातील अठरा तास

चौदा एप्रिलला आपल्याकडे अनेक विहारांत आणि वसतिगृहांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांच्या व्यासंगाला दिलेली ती मानवंदना आहे आणि ती एका दिवसाची आहे. पुढे काही पालक मात्र तीच अपेक्षा रोजची धरतात. शाळा आणि शिकवणी सांभाळणाऱ्या दहावीच्या मुलाकडे खरोखर किती वेळ उरतो, हे कागदावर मांडून पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही.

आमच्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने स्वतः केलेले वेळापत्रक घेऊन तो माझ्याकडे आला होता. शाळा आणि शिकवणीखेरीज त्याने रोज चार तास स्वाध्याय लिहिला होता. दुसऱ्याच आठवड्यात तो रात्री बारापर्यंत जागू लागला आणि माझ्या इतिहासाच्या तासाला पेंगू लागला. (यात इतिहासाचाही थोडा दोष असेल.) आम्ही दोघांनी त्याचा आठवडा नव्याने मोजला.

आठवड्याचे तास १६८. रात्री नऊ ते पहाटे पाच अशी आठ तासांची झोप धरली की ५६ गेले. सोमवार ते शुक्रवार साडेसहा तास आणि शनिवारी सकाळी चार, असे शाळेचे साडेछत्तीस. वंदना, स्नान, जेवण, कपडे, सफाईची पाळी यांना रोज चार, म्हणजे २८. गणित, विज्ञान आणि इंग्रजीची शिकवणी सहा दिवस दोन तास, जाण्यायेण्याचा अर्धा तास धरून १५. खेळ व विश्रांतीचे रोज दीड, म्हणजे साडेदहा. उरले २२ तास.

हे बावीस तास सात दिवसांत सारखे वाटले की रोजचे तीन होतात, आणि चूक येथेच होते. सोमवार ते शुक्रवार हाती येतो रोज केवळ दीड तास. शनिवारी दुपारनंतर चार आणि रविवारी साडेदहा मिळतात. म्हणून नियोजन आठवड्याचे करावे लागते. त्यातही बावीस तास पूर्ण भरावयाचे नाहीत. परीक्षा जवळ आली की शिकवणीवाले रविवारी जादा तास घेतात, घरून कोणी भेटायला येते, कधी ताप येतो. त्यासाठी रविवारचे चार तास आम्ही कोरे सोडले. अभ्यासासाठी राहिले अठरा.

शिकवणीत ऐकलेले त्याच दिवशी परतवले नाही, तर त्या दोन तासांचा बराचसा भाग वाया जातो. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखविले की विस्मरणाचा वेग पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो. म्हणून रात्री जेवणानंतर अर्धा तास वही मिटून आठवेल ते लिहावयाचे, मग वही उघडून राहिलेले भरावयाचे. पहाटेच्या एका तासातील पहिला अर्धा शिकवणीच्या गृहपाठाला. असे शिकवणीमागे रोज एक तास, आठवड्याला सहा. पहाटेचा उरलेला अर्धा तास मराठी-हिंदीच्या वाचनाला.

शिकवणीत न येणारे विषय दुर्लक्षिले जातात, हे इतिहासाचा शिक्षक म्हणून मी दरवर्षी पाहतो. दहावीला सामाजिक शास्त्रांचे गुणही गणिताइतकेच शंभर आहेत. त्यांना शनिवारी दुपारचे सलग तीन तास दिले. रविवारी सकाळी गणित भाग एक किंवा दोनची चाळीस गुणांची प्रश्नपत्रिका, तीही परीक्षेप्रमाणे दोन तास घड्याळ लावून. नंतर दीड तास केवळ चुका शोधण्यास. दुपारी तीन तास भाषांचे लेखन आणि भूगोलाचे नकाशे.

आराखडा जड झाल्याच्या खुणा लवकर दिसतात. तोच धडा सलग दोन रविवारी पुढे ढकलला जातो, रात्री वही मिटल्यावर काहीच आठवत नाही, किंवा झोपेतून तास उसने घेतले जातात. या मुलाच्या बाबतीत तीन आठवड्यांनी पहिली खूण दिसली. तेव्हा झोपेला हात न लावता आम्ही इंग्रजीची शिकवणी सोडविली, कारण शाळेत तो विषय त्याला नीट समजत होता. दोन दिवसांची शिकवणी, येणे-जाणे आणि तिच्यामागचा अभ्यास मिळून सात तास परत आले. पालकांना हे पटविणे सर्वांत कठीण गेले. शिकवणी कमी करणे म्हणजे मुलाचे नुकसान, असा त्यांचा समज होता.

घरी राहून शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. मानवत परिसरात दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली की अनेकांचा रविवार शेतात जातो. घरकामाचे तास तर बहुधा मुलींच्याच वाट्याला येतात. तेही आधी मोजून घ्यावेत. वेचणीच्या आठवड्यांत रविवारची प्रश्नपत्रिका सोडून द्यावी, शनिवारचे तीन तास राखावेत, आणि रात्रीचा तो अर्धा तास मात्र मोडू नये.