चड्डीला लागतं पातळ, पोटात असतो खडा



वस्तीतल्या आरोग्य बैठकीत आया ताप-खोकल्याचं मोकळेपणाने विचारतात. एक तक्रार मात्र बैठक संपल्यावर, बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगतात. "ताई, पोरगं सहा वर्षांचं झालं, तरी चड्डीत शी करतं. मारलं, रागावले, काही फरक नाही. वर म्हणतं, मला कळलंच नाही."

पोरगं खोटं बोलत नसतं. त्याला खरंच कळत नाही. असं का होतं, ते आज समजून घेऊ. कारण कळलं की इलाज सापडतो, आणि मुलाचा मारही वाचतो.

शी दाबली की आत काय होतं

मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला गुदाशय म्हणतात. शी तिथे येऊन साठली की गुदाशय ताणला जातो आणि आपल्याला लागल्याची जाणीव होते. खाली दोन स्नायूंची दारं असतात. आतलं दार आपोआप सैल होतं. बाहेरचं दार आपल्या ताब्यात असतं. मुलाने ते घट्ट आवळून धरलं तर शी परत वर सरकते आणि थोड्या वेळाने लागल्याची भावना निघून जाते. मुलाला वाटतं, सुटलो.

पण मोठं आतडं पाणी शोषून घेत राहतं. शी जितका वेळ आत राहील तितकी ती कोरडी आणि कडक होते. मग ती बाहेर येताना दुखतं, कधी गुदद्वाराला चीर पडून रक्ताचा थेंब दिसतो. एकदा असं दुखलं की मूल पुढच्या वेळी आणखी दाबून धरतं. दुखतं म्हणून दाबायचं आणि दाबलं म्हणून आणखी दुखायचं, असं हे चक्र सुरू होतं.

दिवसेंदिवस शी साठून तिचा मोठा गोळा होतो. चड्डीचं इलॅस्टिक फार ताणलं की सैल पडतं, तसा गुदाशय ताणून सैल होतो. त्याची जोर लावण्याची ताकद कमी होते आणि लागल्याची जाणीवही बोथट होते. वरून मात्र नवी पातळ शी येतच असते. गटारात दगड अडकला तर पाणी थांबत नाही, दगडाच्या बाजूने वाट काढतं. तसंच ही पातळ शी कडक गोळ्याच्या बाजूने झिरपते आणि चड्डीला लागते. जाणीवच बोथट झाल्यामुळे मुलाला ते कळत नाही.

पोट का दुखतं, तेही यातच आलं. पुढे रस्ता बंद असताना आतडं मागून जोर लावत राहतं, वायू कोंडतो आणि पोटात कळ येते. जेवल्यावर आतड्याची हालचाल वाढते, म्हणून बऱ्याच मुलांचं पोट जेवणानंतर जास्त दुखतं. ती अर्ध्या ताटावरून उठतात. मोठी शी झाली की काही दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

एका मुलाची हकीगत

आमच्या भागातला एक सहा वर्षांचा मुलगा, वजन 16 किलो. उन्हाळ्यात ताप आला, पाणी पिणं कमी झालं, शी कडक झाली आणि चीर पडली. सार्वजनिक संडासातला दिवा त्या वेळी गेलेला होता. आधी दुखायची भीती, त्यात अंधाराची आणि मोठ्या भांड्यात पाय घसरण्याची. त्याने जायचंच टाळलं. लागली की दाराआड उभा राहायचा, टाचा उचलून, पायाला पाय आवळून, तोंड लाल करून. आईला वाटायचं, जोर लावतोय. खरं तर तो शी आत धरून ठेवत होता. ही खूण नीट लक्षात ठेवा, कारण बहुतेक घरांत तिचा अर्थ उलटा लावला जातो.

दोन महिन्यांत चड्डीला दिवसातून पाच-सहा वेळा पातळ डाग पडू लागले. घरच्यांना वाटलं जुलाब लागले. मेडिकलमधून जुलाब थांबवण्याची गोळी आणली. डाग दोन दिवस कमी झाले आणि पोटदुखी दुपटीने वाढली, कारण त्या गोळीने आतड्याची हालचाल आणखी मंद केली. मोठ्या माणसांच्या अशा गोळ्या लहान मुलांना धोक्याच्या असतात, मनाने कधीच देऊ नका. इकडे शाळेत मुलं "घाणेरडा" म्हणायला लागली, बाईंनी दोनदा घरी पाठवलं. शेजारणीने उतारा टाकायला सांगितलं. बापाने पट्टा काढला.

आईला दोनच गोष्टी विचारल्या. नीट, मोठी शी शेवटची कधी झाली? "दहा-बारा दिवसांतून एकदा होते, पण इतकी मोठी की पाण्याने जात नाही." ताप, उलटी, मलूलपणा आहे का? नाही. मुलाला झोपवून पोटावर हात ठेवला, तर बेंबीच्या खाली डाव्या बाजूला कडक गोळा हाताला लागला. जुलाब म्हणजे भरपूर पाण्यासारखी शी, आणि मूल गळून जातं. इथे थोडे थोडे डाग होते, मूल खेळत होतं आणि मोठी शी दिवसेंदिवस होत नव्हती. फरक तेवढ्यात कळतो. मात्र खरंच पाण्यासारखे जुलाब असतील तर ओआरएस आणि दवाखाना यांत उशीर करू नका.

इलाजाचे दोन टप्पे

पहिला टप्पा, साठलेला गोळा काढणे. डॉक्टरांनी त्याला पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाची पावडर दिली. ती आतड्यात पाणी धरून ठेवते आणि शी मऊ करते. त्याच्या वजनावरून रोज 24 ग्रॅम ठरली, 12 ग्रॅम सकाळी आणि 12 ग्रॅम संध्याकाळी, एकेक पेला पाण्यात पूर्ण विरघळवून. ही मात्रा त्याच्यासाठी होती. तुमच्या मुलाची डॉक्टरच ठरवतील. आईला आधीच सांगून ठेवलं होतं की पहिले काही दिवस चड्डी जास्त खराब होईल. हे माहीत नसेल तर "औषधाने जुलाब लागले" म्हणून घरचे औषध बंद करतात आणि गोळा आतच राहतो. तिसऱ्या दिवशी कडक तुकडे पडले, पाचव्या दिवशी पातळ, तपकिरी शी आली आणि पोट मऊ लागलं.

दुसरा टप्पा लांबचा असतो आणि फसतो तो इथेच. गोळा निघाला तरी गुदाशय लगेच आकसत नाही, त्याला महिने लागतात. म्हणून रोज 8 ग्रॅम पावडर चालू ठेवली. दोन महिन्यांनी मूल बरं दिसलं तेव्हा आईने औषध एकदम बंद केलं, आणि तीन आठवड्यांत डाग परत आले. पुन्हा सुरू केलं. एकूण आठ महिने लागले आणि शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी केली. या औषधाची सवय लागत नाही. ते लवकर सोडल्यानेच त्रास उलटतो. ही पावडर मिळाली नाही तर डॉक्टर लॅक्टुलोजचं पातळ औषध देतात. एरंडेल पाजणं किंवा साबणाची कांडी घालणं टाळा. एरंडेलाने पोटात मुरडा येतो, साबणाने आतली नाजूक त्वचा जळते. खाली पुन्हा दुखलं की मूल पुन्हा दाबून धरणार.

औषधाबरोबर बसण्याची सवयही लावावी लागते. जेवल्यानंतर आतडं आपणहून हालतं, म्हणून नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर 5 ते 10 मिनिटं मुलाला बसवा, शी होवो न होवो. संडासात रांग असेल किंवा मूल घाबरत असेल तर सुरुवातीला घरातच मोरीच्या कडेला वर्तमानपत्रावर किंवा पॉटीवर बसवा. दोन्ही पाय पूर्ण टेकलेले हवेत. नुसतं बसलं तरी शाबासकी द्या, चड्डी खराब झाली तर न बोलता धुऊन टाका. कॅलेंडरवर रोज शी झाल्याची खूण करा, म्हणजे डॉक्टरांनाही अंदाज येतो.

खाण्यात भाकरी, डाळ, पालेभाजी, पेरू-पपई आणि पुरेसं पाणी असू द्या. बिस्किटं, खारी, मैद्याचे पदार्थ आणि पाकिटातले कुरकुरे कमी करा. दिवसाला दोन पेल्यांपेक्षा जास्त दूध नको, त्याने पोट भरतं आणि जेवण मागे पडतं. पण जुना गोळा एकट्या केळी-पपईने निघत नाही, त्याला औषधच लागतं.

दवाखान्यात लगेच कधी जायचं

पोट फुगून टणक झालं, हिरवी उलटी झाली, ताप आहे, वजन घटतंय, रक्त वारंवार किंवा जास्त पडतंय, पायांत जोर नाही किंवा कमरेच्या खाली मणक्यावर खड्डा वा केसांचा पुंजका आहे, तर थांबू नका. बाळाची पहिली काळी शी जन्मानंतर 48 तासांत झाली नव्हती आणि तेव्हापासूनच त्रास असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. अशा थोड्या मुलांमध्ये आतड्याच्या मज्जातंतूंचा किंवा दुसरा आजार असतो आणि त्याची वेगळी तपासणी लागते.

घर आणि शाळा

कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण आपण विहारात ऐकतो. इथे कारण आतड्यात आहे, त्याला उतारा लागू पडत नाही आणि पट्टाही. मार बसला की मूल चड्डी लपवायला शिकतं, शी मात्र आतच राहते.

दुसरं कारण अनेकदा शाळेत सापडतं. संडासाला कुलूप असतं, पाणी नसतं, कडी नसते, म्हणून मुलं सकाळपासून दाबून बसतात. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे शाळेत मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं असायलाच हवीत. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत कुलपाचा आणि पाण्याचा प्रश्न लेखी मांडा. वर्गशिक्षिकेला भेटून सांगा की हा आजार आहे, मुलाने हात वर केला की लगेच जाऊ द्यावं, आणि दप्तरात एक जादा चड्डी ठेवलेली आहे. आपल्या लेकराला "घाणेरडा" म्हणून वर्गाबाहेर बसवलं जात असेल, तर ते ऐकून घेऊन परत येऊ नका. मुख्याध्यापकांशी बोला, दवाखान्याचा कागद दाखवा.