चेहरा लाल का होतो? लाजेची खूण आणि तिचा उपयोग

मित्रहो, धर्मापुरीच्या या व्याख्यानात आज आपण एक साधा प्रश्न घेऊ. चारचौघांत आपली चूक उघडी पडली की तोंड तापतं, कानाच्या पाळ्या गरम होतात. आणि गंमत अशी की कुणी व्यासपीठावरून आपलं कौतुक केलं तरी तेच होतं. एकीकडे अपमान, दुसरीकडे सन्मान, आणि चेहऱ्याचं उत्तर मात्र एकच. असं का व्हावं?

आधी शरीरात काय घडतं ते पाहू. चेहऱ्याच्या कातडीत बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि ते पृष्ठभागाच्या फार जवळ असतं. आपल्या इच्छेशिवाय चालणारी जी मज्जासंस्था हृदयाची धडधड वाढवते, तिच्याच मानेतून वर जाणाऱ्या तंतूंमुळे या वाहिन्या रुंद होतात. रक्त वाढतं, ऊब जाणवते, लाली येते. भीतीने माणूस पांढराफटक पडतो, कारण तेव्हा वाहिन्या आकसतात. संकोचाने त्या उघडतात. ही लाली मनात आणून आणता येत नाही आणि थांबवू म्हटलं तर थांबत नाही. उलट, ‘बघा, कसा लाजलाय’ असं कुणी म्हणालं की ती आणखी चढते. रडण्याचा आव आणता येतो, हसू ओढूनताणून आणता येतं. लालीचं तसं सोंग घेता येत नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे तो कामाला येईल.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही मराठवाड्यातली सावळी माणसं, उन्हात रापलेली, आमची लाली दिसणार कुठे? हाच प्रश्न चार्ल्स डार्विनलाही पडला होता. 1867 साली त्याने जगभरच्या ओळखीच्या लोकांना एक प्रश्नावली धाडली. तीत एक प्रश्न असा होता की, कातडीच्या रंगामुळे दिसण्याजोगी असेल तिथे लाजेची लाली चढते का, आणि ती अंगावर किती खालपर्यंत उतरते? भारतातूनही त्याला उत्तरं गेली. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या स्कॉट यांनी कळवलं की सिक्कीमच्या लेपचा लोकांत गालांवर, कानांच्या बुडाशी आणि मानेच्या बाजूंना हलकी लाली दिसते. इतर बहुतेक भारतीयांत मात्र लाज रंगापेक्षा मान वळवण्यातून किंवा खाली घालण्यातून आणि नजर चुकवण्यातून कळते. इथल्या मुलकी सेवेतल्या एर्स्किन यांची अडचण वेगळी होती. युरोपियन माणसासमोर इथले लोक आपल्या भावना झाकून ठेवतात, त्यामुळे खात्रीचं काही सांगणं अवघड, असं त्यांना आढळलं. ही तक्रार आपल्यालाच बरंच काही शिकवते. साहेबासमोर मन उघडं करायची सोय नव्हती, म्हणून चेहरेही मिटलेले असत.

पण लाली दिसत नाही म्हणजे ती नाही, असं नव्हे. 1839 साली बर्जेस नावाच्या इंग्रज वैद्याने लाजेवर एक आख्खं पुस्तक लिहिलं. त्यात एका कृष्णवर्णीय बाईची नोंद आहे. तिच्या चेहऱ्यावर जुना व्रण होता. तिला रागावलं की बाकीचा चेहरा तसाच राही, पण तो फिकट व्रण लाल होई. व्रण जणू खिडकीच झाला होता! अलीकडे ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ पीटर ड्रमंड यांनी गोरे लोक आणि भारतीय वंशाचे सावळे लोक यांना गायला लावून, म्हणजे संकोचात टाकून, चेहऱ्यातलं रक्त मोजलं. ते दोन्हीकडे सारखंच वाढलं. रक्त तेच, पडदा वेगळा.

मग पडद्यामागची लाली काय कामाची? इथे आपले पूर्वज मदतीला येतात. भरताच्या नाट्यशास्त्रात घाम, रोमांच, कंप, अश्रू यांच्या पंक्तीत ‘वैवर्ण्य’ म्हणजे चेहऱ्याचा रंग पालटणं हा एक सात्त्विक भाव सांगितला आहे. ‘व्रीडा’ म्हणजे लाज हा भाव वेगळा दिला आहे. सात्त्विक भाव मन एकाग्र झाल्याशिवाय उमटत नाहीत, वरवरच्या अभिनयाने ते साधत नाहीत, हे भरताने ओळखलं होतं. दगडात रंग पालटता येत नाही, म्हणून शिल्पकाराला लाज वळलेल्या मानेतून आणि झुकलेल्या नजरेतून दाखवावी लागते. स्कॉट यांनी जिवंत माणसांत पाहिलं तेही हेच. म्हणजे लाज ही लाली, मान, नजर आणि अडखळलेला आवाज या सगळ्यांचा मिळून एक निरोप असतो. एक खूण झाकली तरी बाकीच्या बोलतात.

आणि तो निरोप काय? ‘तुम्ही मला कसं पाहता, याची मला पर्वा आहे.’ डार्विनला लालीचा काही उपयोग दिसत नव्हता. दुसऱ्याचं लक्ष आपल्यावर आहे हा विचारच ती आणतो, असं त्याचं म्हणणं होतं. हे अर्धं उत्तर आपण जपून ठेवू, कारण कौतुकाचं कोडं त्यानेच सुटतं. कौतुकातही सगळ्यांचे डोळे अचानक आपल्याकडे वळतात. उरलेलं अर्धं उत्तर नंतरच्या संशोधकांनी दिलं. नेदरलँड्समधल्या कोरीन डाइक, पीटर डी योंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली दाखवलं की, चूक किंवा फजिती झाल्यावर ज्याचा चेहरा लाल झाला, त्याच्याबद्दल पाहणाऱ्यांचं मत अधिक चांगलं होतं. समजा, लग्नात वाढताना तुमच्या हातून आमटी पाहुण्याच्या धोतरावर सांडली. तुम्ही निर्विकारपणे पुढच्या पंगतीकडे गेलात तर माणूस उद्धट ठरतो. कानकोंडे झालात, तर पाहुणाच म्हणतो, ‘असू द्या हो, होतं असं.’ शब्दांची माफी खोटी असू शकते. लालीची नसते, कारण ती सोंगाने आणता येत नाही. कौतुकातही तसंच. स्तुती ऐकून जो ओशाळतो त्याच्याबद्दल मत्सर कमी वाटतो, कारण तो न बोलता म्हणत असतो, मी तुमच्या डोक्यावर चढून बसणार नाही.

पण इथेच एक धोका आहे. समजा, वर्गात कुणाचे तरी पैसे हरवले. गुरुजी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहत फिरतात आणि एक मुलगा लाल होतो. सगळे म्हणतात, सापडला चोर! डी योंग यांच्याच अभ्यासात दिसलं की, काय घडलं हे स्पष्ट नसेल तेव्हा लाली गुन्ह्याची कबुली समजली जाते. पण संशयाने पाहिलं जाणं एवढंच तिला पुरेसं असतं. निर्दोष मुलगाही लाल होतो, आणि निर्ढावलेला चोर कदाचित होत नाही. सावळ्या मुलाची लाली दिसलीच नाही, म्हणून तो निगरगट्ट ठरवायचा, ही उलट बाजूची चूक. लाली एवढंच सांगते की या माणसाला आपल्या नजरेची पर्वा आहे. त्याने काय केलं, हे ती सांगत नाही.

काहींना ही लाली इतकी छळते की मानेखालचे ते तंतू शस्त्रक्रियेने तोडून घ्यायचीही पाळी येते. चेहरा थंड राहतो, पण पुष्कळदा पाठ आणि पोट घामाने भिजू लागतात. तेव्हा दुसऱ्याच्या तापलेल्या चेहऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपण नजर जरा बाजूला वळवली, तर ती लाली आपोआप ओसरते. निरोप पोचलेलाच असतो.