लोन अ‍ॅपच्या धमक्या आणि सायबर पोलिसांकडची तक्रार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : कर्ज आपणच घेतलं, मग तक्रार कुठल्या तोंडानं करायची?

वस्तुस्थिती : उसने पैसे बाकी असणं हा गुन्हा नाही. फोटोत फेरफार करून नातेवाइकांना पाठवण्याची धमकी देऊन पैसे उकळणं हा मात्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत खंडणीसाठी कलम ३०८ आणि धमकीसाठी कलम ३५१ आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला तुमच्या फोनमधले संपर्क आणि फोटो बघायचीही मुभा नाही. म्हणून कर्ज घेतल्याचं तक्रारीत लपवू नका. रक्कम सरळ लिहा, त्यातूनच लूट दिसते.

गैरसमज : भरपूर स्क्रीनशॉट जोडले की काम झालं.

वस्तुस्थिती : चाळीस सुटी चित्रं पाहून तपास अधिकाऱ्याला घटनाक्रम कळत नाही. तारीखवार लिहा आणि प्रत्येक नोंदीला स्क्रीनशॉटचा क्रमांक द्या. नमुना असा :

> ३ जून : अ‍ॅपवर ५,००० रुपये मंजूर, खात्यात ३,००० जमा. मुदत ७ दिवस. (चित्र १, बँक उतारा)
> ९ जून, सकाळी ७.४० : मुदतीआधीच व्हॉट्सअ‍ॅपवर धमकी. (चित्र २)
> १० जून : यूपीआयने ५,००० भरले. (चित्र ३, व्यवहार क्रमांकासह)
> ११ जून : आणखी ४,००० ची मागणी. बहिणीला माझा बनावट फोटो पाठवला. (चित्र ४, बहिणीच्या फोनवरून)

चौथी नोंद सगळ्यात बोलकी आहे. पूर्ण पैसे फेडल्यावरही मागणी आली, म्हणजे ही वसुली नव्हे, खंडणी आहे.

स्क्रीनशॉटमध्ये वेळ, तारीख आणि पाठवणाऱ्याचा पूर्ण नंबर दिसला पाहिजे. नंबर नावानं सेव्ह केला असेल, तर चित्रात नुसतं नाव येतं. अशा वेळी प्रोफाइल उघडून नंबरचं वेगळं चित्र घ्या. पैसे ज्या यूपीआय आयडीवर गेले तो आणि व्यवहार क्रमांक मजकुरात टाइप करा, कारण पैशाचा माग त्यावरूनच निघतो.

गैरसमज : आधी अ‍ॅप काढून टाकावं, चॅट पुसावी.

वस्तुस्थिती : मूळ पुरावा फोनमध्येच असतो आणि तपासात फोन मागितला जाऊ शकतो. आधी अ‍ॅपचं नाव, ते जिथून मिळालं ती लिंक आणि कर्जाचा तपशील टिपून घ्या, संपर्क व फोटोंची परवानगी बंद करा, मगच अ‍ॅप काढा. चॅट मात्र ठेवा.

गैरसमज : पोलीस ठाण्यात ‘आमची हद्द नाही’ म्हटलं की विषय संपला.

वस्तुस्थिती : हद्दीबाहेरच्या दखलपात्र गुन्ह्याचीही माहिती नोंदवून घ्यावी लागते, तिला ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. नकार मिळाला तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवता येते. पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन करा, तक्रार cybercrime.gov.in वर भरा आणि पोचक्रमांक लेखी तक्रारीच्या पहिल्याच ओळीत लिहा.