तीस सेकंदांच्या जाहिरातीचा स्टोरीबोर्ड : चवदार तळ्याजवळच्या छत्रीच्या दुकानाचं उदाहरण



जाहिरात लेखन आपण दरवर्षी शिकवतो. मुलं चौकट आखतात, आकर्षक मथळा देतात, शेवटी पत्ता लिहितात. पण आता गावातला दुकानदारसुद्धा मोबाईलवर व्हिडिओ टाकतो, आणि व्हिडिओची जाहिरात कागदावर कशी उतरवायची हे पुस्तकात फारसं नसतं. त्यासाठी स्टोरीबोर्ड काढतात. स्टोरीबोर्ड म्हणजे व्हिडिओत जे दिसणार आहे ते आधी चौकटींत काढून ठेवणं. प्रत्येक चौकटीखाली कॅमेरा कुठून बघतो, किती सेकंद बघतो आणि पडद्यावर कोणती ओळ येते हे लिहायचं. चित्र सुंदर असायची गरज नाही, काडीची माणसं चालतात. सत्यजित राय सिनेमाकडे वळण्याआधी कोलकात्यात जाहिरात कंपनीत चित्रकार होते. 'पथेर पांचाली' (1955) करताना त्यांनीही दृश्यं आधी वहीत चित्रांनीच मांडली होती.

आमच्या नववीच्या मुलांनी हे काम महाडमध्ये केलं. चवदार तळ्याजवळच्या एका लहान दुकानात छत्र्या विकतात आणि दुरुस्तही करतात. दुकानदार काकांना मे महिन्यात व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकायला तीस सेकंदांची जाहिरात हवी होती. मुलांचा पहिला कागद कसा होता आणि तो का बदलावा लागला, हे सांगितलं की स्टोरीबोर्डचं बरंचसं काम समजतं.

कागदाची तयारी

ए-फोर कागद आडवा धरा आणि घड्या घालून त्याचे आठ भाग करा, वर चार आणि खाली चार. प्रत्येक भाग साधारण साडेसात सेंटिमीटर रुंद आणि साडेदहा सेंटिमीटर उंच होतो. त्यात 4.5 सेंटिमीटर रुंद आणि 8 सेंटिमीटर उंच चौकट आखा. उभ्या धरलेल्या मोबाईलच्या व्हिडिओचं प्रमाण नेमकं हेच असतं. शेजारच्या रिकाम्या पट्टीत सेकंद आणि कॅमेऱ्याची जागा लिहायची, खाली पडद्यावरची ओळ.

आता चौकटीत वरून एक सेंटिमीटरवर आणि खालून दीड सेंटिमीटरवर फिकट रेघ ओढा. स्टेटस बघताना वरच्या बाजूला पाठवणाऱ्याचं नाव दिसतं आणि खालच्या बाजूला उत्तर लिहायची जागा येते. तिथे लिहिलेली ओळ झाकली जाते, म्हणून सगळ्या ओळी या दोन रेघांच्या मधे बसवायच्या.

पहिला कागद : अकरा चौकटी

मुलांनी दोन कागद जोडून अकरा चौकटी काढल्या होत्या. धो धो पाऊस, तळ्याकाठी चालणारी मुलगी, वाऱ्यानं उलटलेली छत्री, मागे तळ्याच्या मधोमध बाबासाहेबांचा पुतळा आणि त्यावर दुकानाचं नाव. प्रत्येक चौकटीत एक लांबलचक ओळ.

मी त्यांना काही न सांगता मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं. एकानं चौकटीवर बोट ठेवायचं आणि दुसऱ्यानं ओळ नेहमीच्या वेगानं दोनदा मोठ्यानं वाचायची. दोनदा का? बघणाऱ्याला ती ओळ पहिल्यांदाच दिसते, आणि त्याच वेळी त्याला चित्रही बघायचं असतं. एकदा वाचण्याइतकाच वेळ दिला तर ओळ किंवा चित्र, दोन्हींपैकी एक सुटतं. अकरा चौकटी संपल्या तेव्हा 46 सेकंद झाले होते. सोळा सेकंद जास्त! हे शूटिंगनंतर कळलं असतं तर काकांचा अर्धा दिवस वाया गेला असता.

दुसरी चूक एका मुलीनंच पकडली. "बाई, शूटिंग मेमध्ये आहे ना? मग पाऊस कुठून आणायचा?" चित्रात पाऊस फुकट पडतो. म्हणून प्रत्येक चौकटीला विचारावं, की हे त्या दिवशी, त्या जागी, आपल्या मोबाईलवर खरंच मिळणार आहे का? या प्रश्नानं गोष्टच बदलली. पावसात छत्री मोडते ही गोष्ट गेली. त्याऐवजी पावसाळ्याआधी माळ्यावरून काढलेली छत्री मोडकी निघते, अशी गोष्ट आली. दुकानासाठीही हीच बरी, कारण गिऱ्हाईक जूनच्या पहिल्या सरीआधी यायला हवं.

तिसरी दुरुस्ती काकांनी केली. मुलांनी लिहिलं होतं, "दहा मिनिटांत दुरुस्ती!" काका म्हणाले, "नाय रे बाळा, त्या मापाची काडी माझ्याकडं नसली तर दुसरा दिवस लागतो. लोक माझ्याशी भांडतील." ओळ खोडली. दुकानदाराला स्टोरीबोर्ड आधी दाखवायचा तो यासाठीच. पडद्यावरची प्रत्येक ओळ हे त्याच्या नावानं दिलेलं वचन असतं.

कॅमेरा कुठे उभा करायचा

मुलांची नेहमी गल्लत होते ती अंतर आणि कोन यांत. अंतर म्हणजे किती दिसतं : लांबून सगळा रस्ता, मध्यम अंतरावरून कमरेपासून वर माणूस, जवळून फक्त हात. कोन म्हणजे कॅमेरा कोणत्या उंचीवरून बघतो : डोळ्यांच्या पातळीवरून, वरून खाली, की खालून वर. दोन्ही वेगवेगळे लिहायला लावा. "जवळून, वरून" असं लिहिलं की मोबाईल धरणाऱ्याला विचारावं लागत नाही.

कोनाला कारणही असावं. खालून पाहिलं की वस्तू मोठी वाटते, म्हणून उघडणारी छत्री खालून. कारागिराचं काम त्याच्या हातात असतं आणि समोरून ते गल्ल्याआड जातं, म्हणून दुरुस्ती वरून.

आणि कोन ठरवणं म्हणजे काय दाखवायचं नाही तेही ठरवणं. पुतळ्याच्या चौकटीवर आमच्याकडे बराच वेळ चर्चा झाली. एक मुलगा म्हणाला, "बाई, महाड म्हटलं की लोकांना तळंच आठवतं, मग दाखवू या ना." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. नगरपालिकेनं 1924 मध्ये हे तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला, तरी अस्पृश्यांना पाणी घेता येत नव्हतं. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेले हजारो लोक इथलं पाणी प्यायले. त्यावरचा खटला 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात संपला, तोपर्यंत दहा वर्षं गेली. हे सगळं मुलांना माहीत होतं. मी एवढंच विचारलं, "पुतळ्यावर दुकानाचं नाव आलं तर बघणाऱ्याला काय वाटेल?" थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, "बाबासाहेबच छत्री घ्या म्हणतायत असं वाटेल." कागद पाहून काकांनीही तेच सांगितलं. "त्यांच्या नावावर धंदा नको. पत्ता सांगा, तेवढं पुरे."

म्हणून रस्त्याच्या दृश्यात कॅमेरा तळ्याकडे पाठ करून उभा राहतो, आणि "चवदार तळ्याजवळ" हे शब्द शेवटच्या चौकटीत फक्त पत्ता म्हणून येतात. आपल्या गावातही देऊळ, दर्गा, पुतळा, स्मारक असेलच. ते चौकटीत पत्ता म्हणून आलंय की दुकानाची शिफारस करायला, हे कागदावर बोट ठेवून विचारा.

दुसरा कागद : सात चौकटी

1. लांबून, खालून. मुलगी माळ्यावरून जुनी छत्री काढते. ओळ नाही. 4 सेकंद.
2. जवळून, डोळ्यांच्या पातळीवर. छत्री उघडते, एक काडी लोंबते. ओळ : "काडी मोडली?" 4 सेकंद.
3. लांबून, डोळ्यांच्या पातळीवर. मुलगी छत्री घेऊन रस्त्यानं डावीकडून उजवीकडे जाते. ओळ : "फेकू नका, आणा." 4 सेकंद.
4. मध्यम, डोळ्यांच्या पातळीवर. काका गल्ल्यावर छत्री घेतात. ओळ नाही. 3 सेकंद.
5. जवळून, वरून. काकांचे हात तारेनं काडी बांधतात. ओळ : "काडी, कापड, मूठ, सगळं बदलून मिळेल." 6 सेकंद.
6. मध्यम, खालून. छत्री उघडून चौकट भरते. ओळ : "पावसाआधी तयार." 4 सेकंद.
7. मध्यम, डोळ्यांच्या पातळीवर. दुकानाची पाटी, खाली काका. ओळ : "चवदार तळ्याजवळ, महाड." 5 सेकंद.

बेरीज करा, बरोबर 30. आठव्या भागात ही बेरीज आणि लागणाऱ्या वस्तूंची यादी लिहायची : मोडकी छत्री, नीट छत्री, शिडी.

दोन चौकटींत ओळ मुद्दाम ठेवलेली नाही, तिथे चित्रच बोलतं. पाचव्या चौकटीची ओळ सर्वांत लांब, म्हणून तिला सर्वांत जास्त वेळ. आवाज बंद ठेवून स्टेटस बघणारे पुष्कळ असतात. त्यामुळे बोललेलं ऐकू आलं नाही तरी गोष्ट कळते का, हे तपासायला कागद अशा माणसाला द्या ज्याला काहीच माहीत नाही. आम्ही शाळेतल्या शिपाईमामांना दिला. त्यांनी तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीवर बोट ठेवून विचारलं, "ही पोरगी परत घरी का चालली?"

त्यांचं बरोबर होतं. तिसऱ्या चौकटीत मुलगी डावीकडून उजवीकडे जात होती, आणि चौथीत ती गल्ल्याच्या उजव्या बाजूला उभी राहून डावीकडे तोंड करून होती. बघणाऱ्याच्या मनात दिशा पक्की झालेली असते. ती उलटली की माणूस मागे फिरला असं वाटतं. मुलांनी चौथी चौकट खोडून पुन्हा काढली : मुलगी डावीकडे, काका उजवीकडे. चालण्याच्या दिशेचा बाण तेव्हापासून आम्ही प्रत्येक चौकटीत काढतो.

काकांचा फोन नंबर टाकावा का, यावरही वाद झाला. पाच सेकंदांत दहा आकडे कोणी लिहून घेत नाही, आणि स्टेटस बघणाऱ्याकडे नंबर असतोच, म्हणून तो गाळला. हीच जाहिरात दुसरीकडे टाकायची असेल तर मात्र नंबर लागेल. त्याला निदान सहा-सात सेकंद द्यावे लागतील आणि ते दुसऱ्या चौकटींतून काढावे लागतील. कुठून काढायचे, हे वर्गाला विचारून बघा. आमच्या वर्गात पहिलं बोट माळ्यावरच्या चौकटीवर पडलं. ती काढली तर छत्री जुनी आहे हे कशावरून कळणार, असं विचारल्यावर ते बोट उचललं गेलं आणि सहावीवर गेलं.