बाटली पारदर्शक का राहते

स्थानकाच्या फलाटावर घेतलेली पाण्याची बाटली काचेसारखी आरपार दिसते, तरी तिच्या भिंतीचा सुमारे चौथा हिस्सा स्फटिकरूप असतो. त्याच प्लास्टिकची गरम कांडी सावकाश निवू दिली, तर ती दुधासारखी पांढरी होते. हा फरक घडवणारी जागा म्हणजे बाटली फुगवण्याचे यंत्र.

बाटलीचे पेट प्लास्टिक २८० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवून थंड पाण्याने गार ठेवलेल्या साच्यात दाबतात. त्यातून परीक्षानळीसारखी जाड नळी निघते, तिला प्रीफॉर्म म्हणतात. इतक्या झपाट्याने निवल्यामुळे रेणूंच्या साखळ्यांना रांगेत बसायला वेळच मिळत नाही. १७५ अंशांच्या आसपास स्फटिक सर्वांत वेगाने वाढतात. तिथे रेंगाळले, तर एका केंद्रापासून साखळ्यांच्या घड्यांचे पातळ पदर चहूबाजूंनी पसरतात. हा गोळा म्हणजे स्फेरुलाइट. प्रकाशाच्या तरंगलांबीइतका किंवा तिच्याहून मोठा झाला की तो प्रकाश विखुरतो आणि नळी धुरकट होते. प्रीफॉर्मच्या तळाशी, जिथे प्लास्टिक शिरते, तो जाड ठिपका सर्वांत उशिरा निवतो, म्हणून बहुधा तोच आधी पांढरा पडतो.

फुगवणाऱ्या यंत्रात प्रीफॉर्म सुमारे १०० अंशांवर तापवून सळईने लांबवतात आणि दाबाच्या हवेने रुंदावतात. ताणाने साखळ्या एका दिशेला लागतात व स्फटिक बनतात, पण ते इतके बारीक राहतात की प्रकाशाला अडवत नाहीत. म्हणून भिंत ताठही होते आणि पारदर्शकही राहते.

स्फटिकता घनतेवरून मोजता येते. अस्फटिक पेटची घनता १.३३५, पूर्ण स्फटिकाची १.४५५. भिंतीचा तुकडा १.३६५ भरला, तर ०.१२० च्या फरकातले ०.०३० झाले, म्हणजे आकारमानाने २५ टक्के.

बिघाड डोळ्यांनी ओळखता येतो. नळी फार तापली तर फुगवण्याआधीच स्फेरुलाइट वाढतात आणि बाटली धुरकट होते, मग हीटर कमी करतात. नळी गार राहिली तर ताण जास्त पडून सूक्ष्म पोकळ्या होतात आणि भिंतीला मोत्यासारखी चकाकी येते, मग हीटर वाढवतात.

उष्णतेपुढे मात्र या बाटलीची मर्यादा उघडी पडते. पेटचे अस्फटिक भाग ७५ ते ८० अंशांना मऊ होतात, म्हणून उकळते पाणी ओतताच ती आक्रसते. स्फटिक भाग सुमारे २५० अंशांपर्यंत टिकतो. स्फटिकांचे प्रमाण वाढले की वितळवायला जास्त उष्णता लागते, पण वितळण्याचे तापमान मुख्यतः पदरांच्या जाडीवर ठरते. स्फटिक भाग उष्णतेत टिकतो, म्हणूनच गरम रस भरायच्या काही बाटल्यांचे तोंड मुद्दाम स्फटिक होऊ देतात. ते पांढरे असते आणि उष्णतेत बूच घट्ट धरून ठेवते.