वीटभट्टीचा धूर आणि कराचे गणित



अर्थशास्त्रात एक गणित हमखास येतं. सीमांत बाह्य खर्च आकड्यांत दिलेला असतो आणि समाजासाठी योग्य उत्पादन व त्यावरचा कर काढायचा असतो. बहुतेक मुलं उत्पादन बरोबर काढतात आणि करात चुकतात. का, ते एका काल्पनिक उदाहरणातून पाहू.

गावाबाहेर वीटभट्ट्या आहेत. त्यांच्या धुराने शेजारच्या बागांचं नुकसान होतं, पण ते भट्टीवाल्याच्या वहीत कुठेच येत नाही. आठवड्याला क्ष हजार विटा भाजल्या जातात असं धरू. दर हजार विटांमागे रुपयांत:

ग्राहक देईल ती किंमत = १०००० − १००क्ष
भट्टीवाल्याचा सीमांत खर्च = २००० + १००क्ष
सीमांत बाह्य खर्च = ५०क्ष

तिसऱ्या ओळीचा अर्थ असा, की जितक्या विटा जास्त, तितकं पुढच्या हजार विटांमुळे होणारं नुकसानही जास्त.

बाजार फक्त पहिल्या दोन ओळी पाहतो. त्या समान मांडल्या की क्ष = ४०, किंमत ६००० रुपये. आता भट्टीवाल्याच्या खर्चात बागांचं नुकसान मिळवा. सामाजिक सीमांत खर्च होतो २००० + १५०क्ष. तो किमतीशी समान मांडला की क्ष = ३२, किंमत ६८०० रुपये. भट्टी बंद करा असं हे गणित सांगत नाही, ८ हजार विटा कमी भाजा एवढंच सांगतं.

आता कर. इथे मुलं बाजारातले ४० घालतात आणि ५० × ४० = २००० रुपये लिहितात. बरोबर कर ३२ वर काढायचा, ५० × ३२ = १६०० रुपये. बाह्य खर्च स्थिर असेल तर कुठलाही आकडा घातला तरी उत्तर एकच येतं. पुस्तकातली पहिली उदाहरणं तशीच असतात, म्हणून ही चूक लपून राहते.

ताळा करून बघा. कर भट्टीवाल्याच्या खर्चात मिळवा: १०००० − १००क्ष = ३६०० + १००क्ष. क्ष = ३२ येतो, जमलं! २००० रुपये कर लावला तर क्ष = ३० येतो. तिथे ग्राहक ७००० द्यायला तयार, आणि नुकसान धरूनही खर्च ६५००. म्हणजे समाजाला परवडणाऱ्या विटासुद्धा थांबल्या.

मुलं विचारतात, कर कोण भरतं? ग्राहकाला ६००० ऐवजी ६८०० पडतात आणि भट्टीवाल्याच्या हाती ५२०० उरतात. इथे भार निम्मा-निम्मा आला, कारण दोन्ही रेषांचा उतार सारखा आहे. दरवेळी तसं होत नाही.

अशा कराला पिगू कर म्हणतात. आर्थर पिगू यांनी १९२० च्या ग्रंथात हा विचार मांडला. मात्र आपण कर विटेवर लावला, धुरावर नाही. झिगझॅग भट्टीत धूर कमी होतो, पण तिच्या विटेवरही तेवढाच कर बसला तर जुनी भट्टी बदलायचं कारण मालकाला या करातून मिळत नाही.